माळपेठेत फीत कोण कापतं

माळपेठेत नवं दुकान उघडतं तेव्हा बाहेरून आलेले पाहुणे हमखास चक्रावतात. दाराला लाल फीत असते, ताटात कात्री असते, सनईवाले गाल फुगवून बसलेले असतात. पण पुढारी नाही, अधिकारी नाही, हारांचा ढीग नाही. फीत कापायला येतं पेठेतलं सगळ्यात किरकिरं गिऱ्हाईक. डाळ दाताखाली फोडून बघणारं, लुगडं उन्हात धरून विरळ जागा शोधणारं, भाव सांगितला की पायरी उतरायला लागणारं. त्याच्या घरी अक्षता घेऊन बोलावणं जातं. ज्याला ते येतं तो आठवडाभर छाती काढून हिंडतो, आणि ज्याला येत नाही तो रागाने आणखी किरकिर करतो. एकूण पेठेचा फायदाच होतो. ही रीत अनसूयेच्या दुकानापासून पडली असं सांगतात.

तेव्हा धान्य शेर-पायलीने मोजलं जायचं, चार शेरांची एक पायली. अनसूया आणि तिचा नवरा गणपत घाटावरून येऊन इथे राहिले होते. कोपऱ्यावरचा गाळा रिकामा पडला होता, तो त्यांनी कडधान्यासाठी घेतला. गाळा हवेशीर होता, रस्त्यावर होता, आणि तरीही कुणी घेत नव्हतं. कारण आधीच्या दुकानदाराच्या शेराला आतून दुसरा तळ निघाला होता. तो रातोरात पळाला आणि लोकांचा सगळा राग त्या पायऱ्यांवर बसला. "त्या गाळ्यातलं माप उणंच," असं पोरंटोरंही म्हणत. अनसूयेने आईने दिलेल्या पाटल्या मोडून मूग, मटकी, हरभरा भरला होता. गिऱ्हाईक पायरी चढलं नाही तर घाटावर परत जायचं, एवढं तिला स्वच्छ दिसत होतं.

पेठेत एकाच माणसाच्या शब्दावर कुणी वाद घालत नसे. ते म्हणजे कोंडाजी मापाडी. दर बाजारी, म्हणजे बुधवारी, ते आपली पितळी पायली खांद्यावर टाकून दुकानोदुकानी हिंडत आणि प्रत्येकाचं माप तपासत. गणपतला वाटलं, कोंडाजींच्या हातून फीत कापली की झालं! उत्साही माणूस. तो तालुक्याला गेला आणि त्यांचं नाव ठळक अक्षरांत घालून पत्रिका छापून, वाटूनही आला. विचारायचं तेवढं राहिलं.

मग नवराबायको नारळ आणि पत्रिका घेऊन कोंडाजींच्या ओसरीवर गेले. म्हाताऱ्याने पत्रिका दूर धरून वाचली, दोनदा वाचली, आणि नारळासकट परत अनसूयेच्या ओटीत ठेवली.

"पोरी, मला बोलवावंसं वाटलं, ह्यात माझा मान आला. पण मी कुणाच्या दुकानाची फीत कापत न्हाई. नेम हाय माझा."

गणपत म्हणाला, "एकदाच हो, कोंडाजीबाबा. पत्रिका वाटल्यात."

"सराफाला न्हाई म्हणलं, त्यानं तर घोडागाडी धाडली हुती. माझ्या सख्ख्या भाच्याला न्हाई म्हणलं, तो अजून बोलत न्हाई. आता तुमाला हो म्हणलं, तर त्या दोघांशी मी खोटं वागलो असं हुईल."

अनसूयेच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून म्हातारा जरा पुढे सरकला. "तुझं माप मला बुधवारी तपासायचं हाय. उणं निघालं, तर ज्या दुकानाचा हार गळ्यात घातला त्याला उणं म्हणायला माझी जीभ रेटंल का? आन् पुरं निघालं, तर लोक म्हणतील, म्हातारा हाराला जागला. मंग माझा शबूद तुझ्या काय कामाचा? बुधवारी येतो. नेहमीसारखा." दारापर्यंत पोचवताना त्यांनी एवढंच सांगितलं, "मी येनार न्हाई हे तुमीच आधी सांगा. लोकांना वाट बघायला लावू नगा."

वाटेत गणपत धुसफुसत होता. अनसूयेला मात्र राग धरता येईना. नकार कडू होता, पण त्यात तिचा अपमान कुठेच सापडत नव्हता. दुसऱ्या दिवशी ती घरोघर गेली आणि म्हणाली, "आमी न इचारता नाव छापलं. चूक आमची. बाबा येनार न्हाईत." लोकांनी मान डोलावली आणि मनात पक्कं केलं, मापातच काळंबेरं असणार.

शनिवारी मुहूर्ताला पायरीखाली ही गर्दी! सगळी बघ्यांची. फीत कापायला कुणी पुढे होईना. ज्याला विनवावं तो शेजाऱ्याकडे बोट दाखवी. सनईवाले तिसऱ्यांदा तोच सूर धरून दमले. इतक्यात गर्दी हटवत गजराबाई आल्या. त्यांच्याशी घासाघीस करण्यापेक्षा दुकान बंद ठेवलेलं बरं, असं वाणी म्हणत. पदराखाली त्यांनी घरचा शेर आणला होता.

"मापाडी येत न्हाई, मंग तुझं माप खरं कशावरनं?" त्यांनी खालूनच विचारलं.

अनसूयेने आपला शेर पालथा करून दाखवला, मग फितीवरून त्यांच्या हातात दिला. "मी सांगून काय उपेग, आत्याबाई? तुमीच बघा."

गजराबाईंनी तळावर नखं वाजवली. आत हात घालून चाचपलं. मग हरभरा मागून घेऊन आपल्या शेरातून तिच्या शेरात ओतला, तिच्यातून आपल्यात ओतला. एक दाणा सांडला तो उचलून परत टाकला. एवढं करूनही समाधान होईना, म्हणून त्या पोत्याच्या तळचा माल बघायला आत निघाल्या आणि फीत पोटाला अडली. "हे काय मधीच आडवं?" असं म्हणून त्यांनी ताटातली कात्री उचलली आणि शिवणाचा दोरा तोडावा तशी फीत कापून टाकली.

जो हशा उसळला तो वेशीपर्यंत ऐकू गेला म्हणे. सनईवाल्यांना उशिरा उमगलं, पण त्यांनी मग कसर सोडली नाही. गजराबाईंनी एक शेर हरभरा घेतला, मापावर चढती शीग मागितली, आणि जाताना सांगून गेल्या, "बुधवार हुंदे, मंग बोलू."

बुधवारी कोंडाजी आले. चहा विचारायचा नाही हे आता अनसूयेला ठाऊक होतं. तिने मुकाट्याने शेर पुढे ठेवला. दारात निम्मी पेठ जमली होती आणि सगळ्यांच्या पुढे गजराबाई. मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. कोंडाजींनी तिच्या शेराने मूग मोजून आपल्या पायलीत ओतायला सुरुवात केली. लाभ. दोन. तीन. चौथा शेर ओतून त्यांनी काठाकाठाने लाकडी पट्टी फिरवली. पायली काठोकाठ भरली होती. पट्टीने एक दाणा खाली पाडला नाही, की कुठे खळगा दाखवला नाही.

"पुरं हाय," कोंडाजी म्हणाले, पायली रिकामी केली आणि खांद्यावर टाकून पुढच्या दुकानाकडे वळले.

अनसूयेला हुंदका आला आणि हसूही आलं. शनिवारी हाच माणूस हार घालून पायरीवर उभा असता, तर ह्या दोन शब्दांवर आज कुणीही विश्वास ठेवला नसता. हे तिला कळेपर्यंत गजराबाईंनी पायरी अडवून दोन पायल्या मटकी मागितली होती, आणि त्यांच्यामागे रांग लागली होती.

आजही माळपेठेत मापं तपासणाऱ्या माणसाला कुणी फीत कापायला बोलवत नाही. तो बाजारच्या दिवशी येतो, चहा न घेता जातो, आणि तो दुकानातून बाहेर पडताना दुकानदार उठून उभा राहतो.