होल्याचा राव

चिंचेला अजून कुणी मालक नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. म्हाताऱ्या कारभाऱ्याच्या अंगणात वाढलेला एक बुलबुल घरट्यासाठी जागा शोधत तिथे आला.

"रामराम, घुबडराव!"

म्हाताऱ्या घुबडाची पिसं फुलली. "वडील गेल्यापासून राव कानावर पडलं नव्हतं रे."

"नमस्कार, खारजी!"

खार खुदकन हसली. "जी कसलं? मी काय सभेची पाहुणी आहे? खारूताई म्हण."

खालच्या फांदीवर होला बसला होता. त्याचं घरटं कालच वाऱ्याने पडलं होतं.

"कसं काय, होलेराव?"

सगळं झाड हसलं. होला तडकला, "घर मोडल्यावर राव झालो होय? चालता हो! माझ्या फांदीवर तुला जागा नाही."

बुलबुल चकित झाला. शब्द तोच, आवाजही तोच. त्याने घुबडाला विचारलं.

"त्याला कालपर्यंत कुणी राव म्हटलं नव्हतं," घुबड म्हणालं. "पडल्यावर एकदम म्हटलंस, तर टोमणाच वाटणार, बाळा."

बुलबुल चोचीत काड्या घेऊन परतला. "होलेदादा, विणायला मदत करू का?"

होला जरा सरकला. "काय राव, आधीच असं बोलायचं की!"

बुलबुलाने मान तिरकी केली. हा राव आणखी निराळाच होता, आणि ऐकायला फार बरा वाटला.