तळ्याचे दोर

फार पूर्वी, गावे तळ्यांच्या नावाने ओळखली जात तेव्हा, एका डोंगरउतारावर दोन गावे होती. वरच्या गावात मोठे तळे होते. खालच्या गावात त्या वर्षी विहिरींचे तळ उघडे पडले होते.

तळ्याच्या तोंडाशी एक जाड लाकडी दार होते आणि त्याला घरागणिक एक दोर बांधलेला होता. सगळ्यांनी एकदम ओढले तरच दार वर येई. एक जरी दोर सैल राहिला, तर ते तिरपे होऊन खाचेत अडके. कुणा एकट्याला पाणी सोडता येऊ नये, म्हणून पूर्वजांनी तशी रचना केली होती.

खालच्या गावाची एक म्हातारी पाणी मागायला आली. पारावर सभा भरली. आधी शास्त्रीबुवा बोलले. ते फार शिकलेले, आणि बोलून झाल्यावर आपले काही चुकले तर नाही ना, म्हणून झुरणारे.

"उद्या आपलं तळं आटलं तर आपण मागणार. मग आज नाही म्हणणं म्हणजे आपल्याच बोलण्याला छेद देणं. देणं हे कर्तव्य आहे. दोन आणि दोन चार, इतकं सरळ!"

केळीच्या बागांचे मालक पाटील हसले. "आमचं आटलं तर आम्ही मागणार नाही. मिटला छेद?"

शास्त्रीबुवांनी आणखी तीन मुद्दे मांडले. शेवटी पाटलांनी हात जोडले. "हरलो, बुवा. सगळं पटलं."

"मग उठा, दोर धरा."

"पटलं म्हणालो. उठावंसं वाटत नाही. माझ्या केळीचं एक पान पिवळं पडण्यापेक्षा खालचं गाव उठून गेलेलं मला चालेल, असं मी म्हटलं तर तुम्ही मला दुष्ट म्हणा. पण त्यात बेरजेची चूक कुठे आहे ते दाखवा! आणि बुवा, तुम्ही तरी कुठे उठलात?"

सगळे हसले. शास्त्रीबुवांनी खाली पाहिले. खरेच, ते बसूनच होते.

तेवढ्यात कुणीतरी म्हातारीला तांब्या दिला. ती एक घोट प्यायली आणि उरलेले पाणी कमरेच्या लहान मडक्यात ओतू लागली.

"पी की, आजी! आणखी देतो."

"सुनेला नेते, बाबा. ओली बाळंतीण आहे. अंगावरचं दूध आटलंय. पोर रडतं, पण आता आवाज निघत नाही त्याचा."

समोरच्या बाईने आवंढा गिळला, मग शेजारचीने. भरल्या पोटाच्या माणसांच्या घशाला कोरड पडली. एका सतारीची तार छेडावी आणि शेजारची आपोआप थरथरावी, तसे झाले. पाटलांनी पागोटे काढून मांडीवर ठेवले.

"चला, घागरी भरा!" कुणीतरी ओरडले आणि सगळे धावले. "त्या सुनेकडे आधी!"

आता मात्र शास्त्रीबुवा उठले. "थांबा. आजी ज्यांचं नाव घेऊन बोलल्या नाहीत, ती घरं? मन डोळ्यांसमोरच्यालाच आधी पाझरतं. माझंही. सगळे जरा टेकडीवर या."

टेकडीवरून दोन्ही गावे सारखीच दिसत होती. कुठले आपले, कुठले परके, हे चुलींच्या धुरावरून ओळखू येत नव्हते. "इथून कुणाला काय द्यावंसं वाटतं, ते बोला," शास्त्रीबुवा म्हणाले.

"सगळ्यांना," एक बाई म्हणाली.

"पण माझी बाग?" पाटील पुटपुटले. आता त्या आवाजात तोरा नव्हता, भीती होती.

शास्त्रीबुवांनी वेळूने तळ्याची खोली मोजली. पाटलांना वाटत होते त्याहून पाणी पुष्कळ खोल निघाले. "अर्धं सोडलं तरी केळी पावसापर्यंत जगतील. मात्र खालच्या गावाकडे जाणारा पाट तडकलाय. तसंच सोडलं तर वाटेतली वाळूच सगळं पिऊन टाकील. आधी पाट लिंपू. मग पहाटेच्या गारव्यात दार उघडू."

पाट लिंपला गेला. पहाटे घरोघरची माणसे आली. पाटलांनी आपला दोर मनगटाला गुंडाळला आणि शास्त्रीबुवांकडे पाहिले. त्यांनी तर सगळ्यांच्या आधी दोर धरला होता.

"बुवा, आज कुठला मुद्दा?"

"मुद्दे कालच संपले, पाटील. त्या मडक्याचा विचार करा आणि ओढा!"

दार सरळ वर आले. पाणी खळाळत उताराला लागले. म्हातारी पाटाच्या कडेने पाण्याबरोबर चालत होती. उन्हे वर आली तेव्हा खालच्या गावातून एका तान्ह्याचे रडणे ऐकू आले. चांगले खणखणीत. वर दोर धरून उभी असलेली माणसे ते ऐकून हसली, आणि शास्त्रीबुवांनी हाताचे फोड उपरण्यात लपवले.

तात्पर्य एवढेच: बुद्धी वाट दाखवते, पण पाऊल उचलायला लावते ती दुसऱ्याची कळ. म्हणून आधी मन ओलावू द्यावे, मग बुद्धीला पाट बांधायला सांगावे.