सावळा ओताऱ्याचा उजवा हात

ऐका, पण मध्ये बोलू नका. मध्ये बोललं की माझा धागा तुटतो, मग मी चहा घेतल्याशिवाय पुढे जात नाही.

फार वर्षांपूर्वी, कंपनी सरकार नुकतंच आलं होतं तेव्हा, प्रवरेकाठी शिरसोंडी गावात सावळा नावाचा ओतारी राहायचा. पितळ वितळवून देवाचे टाक ओतणं हा त्याचा धंदा. बायको वारलेली, मूलबाळ नाही. पण हात असा की असं म्हणतात, त्यानं ओतलेल्या भैरोबाच्या डोळ्याला डोळा भिडवायची कुणाची छाती नव्हती.

शहरात मिशनच्या पाद्र्यानं छापखाना घातला होता. त्याला आपलं शुभवर्तमान मराठीत छापायचं होतं, आणि छापायला अक्षरं हवी होती. बाहेरून आणलेली अक्षरं वेडीवाकडी, वाचता वाचता डोळे दुखायचे. पाद्र्यानं सावळ्याला बोलावलं. पोटाला दोन भाकरी जास्त मिळतील म्हणून सावळा गेला.

काम कसं, तेही ऐका. पोलादाच्या कांबीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं. तो ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचा. तांब्यात जो खड्डा पडेल, त्यात वितळलेलं शिसं ओतायचं. झाला खिळा. मात्रा, वेलांट्या निराळ्या ओतायच्या आणि जुळवताना अक्षराच्या डोक्यावर बसवायच्या. असे हजारो खिळे. एक पान छापून झालं की ते सोडवायचं आणि त्याच खिळ्यांचं दुसरं पान जुळवायचं. त्या काळी कागदपत्रं मोडीत चालायची, बाळबोध अक्षर पोथीपुरतं. छापखान्यानं ते बाजारात आणून ठेवलं.

पाद्र्याजवळ एक शास्त्री होता. पाद्री अर्थ सांगायचा, शास्त्री मराठी लिहायचा, पण असं जड की लोखंडाचे चणे! मग पाद्र्यानं एक रीत पाडली. लिहिलेलं पान खिळे जुळवण्याआधी कामगारांना वाचून दाखवायचं. एकदा हरवलेल्या मेंढराची गोष्ट आली. शास्त्र्यानं चार ओळी वाचल्या, सगळ्यांनी नुसत्या माना हलवल्या. सावळा तेवढा म्हणाला, "शास्त्रीबुवा, आमच्याकडे म्हणतात मेंढरू चुकलं. अन् धनगर अशी हाळी घालतो." आणि त्यानं अख्खी गोष्ट शिरसोंडीच्या बोलीत सांगितली. शास्त्र्याचं तोंड कडू झालं. पाद्र्यानं मात्र तसंच लिहून घेतलं.

इथंच घोटाळा झाला, बरं का.

पुढच्या वर्षी ते पुस्तक शिरसोंडीच्या बाजारात आलं. पाद्र्याच्या माणसानं झाडाखाली बसून वाचायला घेतलं आणि गर्दी जागच्या जागी थिजली. परक्याच्या देवाची गोष्ट, आणि बोलणं थेट आपल्या गावचं! म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. त्या गर्दीत गिरजा कोष्टीण होती. तरणी विधवा, भावाच्या दारात राबणारी. ती तीन बाजार ऐकत राहिली आणि चौथ्या बाजारी पाद्र्याच्या बंगल्यावर गेली. महिन्यानं बातमी आली, गिरजानं बाप्तिस्मा घेतला.

मग काय विचारता! आज गिरजा गेली, उद्या कुणाची लेक? बाया पोरींना बाजारात पाठवीनात. कुणी म्हणालं, छापखान्याच्या शाईत गाईची चरबी असते, नुसता कागद शिवला तरी माणूस बाटतो. आणि सगळ्यांची बोटं वळली सावळ्याकडे. ह्यानंच आपली बोली शिशात ओतून विकली. हा आतून त्यांचाच झाला.

बहिर्जी पाटलानं पंच बसवले. सावळा ओरडून सांगत होता, "देवाशप्पथ, मी बाटलो नाही! रोज भैरोबाला फूल वाहतो!" पण भ्यालेल्या माणसाला कान नसतात. पंचांनी दिव्य ठरवलं. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा उजव्या हातानं काढायचा. हात तीन दिवस पिशवीत घालून मोहोर करायची. चौथ्या दिवशी फोड दिसला तर खोटा, मग गाव बंद.

ओताऱ्याचा उजवा हात गेला तर राहतं काय? पाद्र्याचा निरोप आला, "सरकारनं दिव्याला बंदी केली आहे, तू बंगल्यावर ये, तुला कुणी हात लावणार नाही." सावळ्यानं कळवलं, "साहेब, मी बंगल्यावर आलो की यांचं म्हणणं खरं ठरलं."

दिव्याच्या दिवशी त्यानं एकच मागितलं, "तेल जवसाचं घ्या. छापखान्यात शाईही मीच करतो, तिला कढवतो तसंच कढवतो. गावच्या घाण्याचं तेल, तुमच्या दिव्यांची काजळी. बघा चरबी कुठं घालतात ते." पंच कबूल झाले. तेल धुरायला लागलं. सावळ्यानं काडीवर थेंब घेतला, निववला, दोन बोटांत ताणला. तार निघाली, म्हणजे शाईचं तेल तयार, आणि चरबीचा थेंबही पडला नव्हता.

पाटील म्हणाला, "तुकडा म्हणून त्याचाच खिळा टाका."

सावळा दचकला. "पाटील, ते शिसं आहे. एवढ्या तापलेल्या तेलात वितळेल. मग मी काढू काय?"

"पळवाटा शोधतोय," पंच म्हणाले, आणि खिळा टाकला.

सावळ्यानं बाही वर सारली आणि हात घातला. लोकांनी डोळे मिटले. असं म्हणतात, तेवढ्या वेळात एक म्हातारी दोनदा बेशुद्ध पडली. हात वर आला तेव्हा मुठीत शिशाचा गुळगुळीत गोळा होता. त्यावर ना काना, ना मात्रा.

"अक्षर कुठंय?" पाटलानं विचारलं. हातावर पिशवी चढली, मोहोर झाली.

आता खरी परीक्षा. निकाल लागेपर्यंत त्याला कुणी अन्नपाणी द्यायचं नाही, असा पंचांचा हुकूम. चूल पेटवायला उजवा हात नाही. एक दिवस गेला. शेजारणी दाराआडून बघायच्या आणि मान वळवायच्या. दुसऱ्या दिवशी गिरजा आली, भर गावातून, डोक्यावर भाकरीचं फडकं घेऊन.

"सावळादादा, माझ्या हातचं खाल्लंस तर तू बाटलास म्हणतील," ती म्हणाली. "विचार कर."

सावळ्यानं पिशवीतल्या हाताकडे बघितलं. मग तोंड उघडलं. तिनं घास भरवला. तिसऱ्या दिवशीही भरवला.

चौथ्या दिवशी मोहोर फोडली. हात जसाच्या तसा! फोड नाही, डाग नाही. आता तुम्ही म्हणाल असं कसं होईल. मला विचारू नका, मी तिथं नव्हतो. गाव ढसाढसा रडलं. तेवढ्यात एक पंच बोलला, "दिव्यात सुटला खरा, पण घासात बाटला."

सगळे पाटलाकडे बघू लागले. सावळाही बघत होता. पाटलानं मान खाली घातली.

तेव्हा गिरजा पुढं आली. "मला यानं नेलं नाही, मी माझ्या पायांनी गेले. पहिल्यांदा कुणीतरी मला समजेल असं बोललं, म्हणून गेले. अन् हा उपाशी पडला होता, तेव्हा तुम्ही कुठल्या धर्माचे होता?"

पाटलानं निकाल दिलाच नाही. सावळा उठला, भैरोबाच्या पायरीला तो हात लावला आणि नदी उतरून गेला. छापखान्यात तो शेवटपर्यंत खिळे ओतत राहिला. देवळात गेला नाही, बाप्तिस्माही घेतला नाही. गावात परत आला नाही. पाटलानं तीनदा माणूस धाडला, तिन्ही वेळा माणूस एकटाच परतला.

मग पाटलानं आपला उजवा हात फडक्यात बांधला, मोहोर केली आणि दारात बसून राहिला. घरच्यांच्या हातचं खाईना. तिसऱ्या दिवशी गिरजाला बोलावणं धाडलं, आणि तिच्या हातचा घास खाल्ला.

शिरसोंडीत आजही त्या तिथीला पाटलाच्या घरचा कर्ता माणूस तीन दिवस उजवा हात बांधून चावडीसमोर बसतो. त्याला भरवायला गिरजाच्या भावाच्या घरचं नव्हे, पुढं गावात झालेल्या चर्चजवळच्या आळीतलं माणूस येतं. भैरोबाचे भगत बघत असतात, चर्चची मंडळीही बघत असतात. असं म्हणतात की पहिला घास तोंडाजवळ आला की पाटील अजूनही घाबरून एकदा सगळ्यांकडे नजर फिरवतो. मग सावळ्याचं नाव घेतो आणि खातो.