न विचारता घातलेली वर्दी

एका गावात एक भोळा गडी होता. गावाचं नाव बोरजाईवाडी, गड्याचं नाव दौलू. भोळा म्हणायचं ते तोंडदेखलं. खरं तर ठोंब्या होता. पण मनानं चांगला. मनानं चांगली माणसंच जास्त नुकसान करतात. वाईटाला निदान कुणी जवळ तरी येऊ देत नाही.

दौलूचा दोस्त सर्जेराव. सर्जाला पोलीस व्हायचं होतं. तो माळावर पळायचा आणि दौलू मोबाईलवर वेळ मोजायचा. गेल्या भरतीत सर्जा दोन मार्कांनी राहिला. तेव्हापासून तो म्हशीशी बोलायचा, माणसांशी नाही. दौलूला ते बघवेना.

दौलूच्या मोबाईलमध्ये एक ॲप होतं. फोटोतल्या कपड्यांवर बोट घासायचं. खाली लिहायचं, काय घालायचं ते. पडद्यावर थोडा वेळ चक्र फिरतं, आणि जुने कपडे जाऊन नवे येतात. चेहरा तोच राहतो.

दौलूकडं सर्जाचा म्हैस धुतानाचा फोटो होता. अंगात भोकाभोकाचं बनियन, खाली पट्ट्यापट्ट्याची चड्डी. दौलूनं बोट घासलं आणि लिहिलं, "फौजदाराची वर्दी."

ॲपनं तीन फोटो दिले. एकात सर्जाच्या हाताला सहा बोटं. दुसऱ्यात म्हशीलाही टोपी. तिसरा बरा होता. छातीवरच्या पट्टीवर अक्षरांसारखं कायतरी होतं, ते कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत. पण गाव कुठं एवढं बघतंय! दौलूनं कडेची म्हैस कापून टाकली आणि फोटो गावाच्या ग्रुपवर चढवला. खाली लिहिलं, "आपला सर्जा." ग्रुपात दोनशे बारा माणसं.

सर्जा रानातून येईपर्यंत त्याच्या आईनं, अक्काताईनं, दोन किलो पेढे वाटले होते. सरपंच शाल घेऊन ओट्यावर बसले होते.

"कसली शाल?" सर्जा म्हणाला.

त्यानं फोटो पाहिला. मग प्रत्येकाला स्वतःच सांगितलं, की हे खोटं आहे, मी अजून नापासच आहे. अक्काताई पेढ्याचा रिकामा पुडा धरून आत गेली, ती जेवायला बाहेर आली नाही. सर्जा दौलूकडं गेला.

"दौल्या, कुणाला विचारून केलंस?"

"कुणालाच नाही. ॲपनं विचारलं काय घालू, मी सांगितलं."

"मला विचारायचं होतंस!"

"तू म्हशीशी बोलत होतास."

सर्जा निघून गेला. रात्री दौलूनं त्याला मेसेज केला. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी. मी चांगल्या मनानं केलं." सर्जानं ते वाचलं आणि दौलूला ब्लॉक केलं. त्यानंतर दौलूनं काहीही पाठवलं की एकच टिक यायची. दुसरी येईचना.

तिसऱ्या दिवशी तालुक्याहून हवालदार आला. फोटो फिरत फिरत चौकीपर्यंत पोचला होता. हवालदार सर्जाला म्हणाला, "खोटी वर्दी घालून फिरतोस अशी तक्रार आहे. पुढच्या भरतीत चारित्र्य पडताळणी होईल तेव्हा हेच निघंल. ज्यानं केलंय त्याच्याकडून सगळ्यांसमोर खुलासा येऊ दे. सोमवारपर्यंत थांबतो."

आता दौलू घाबरला. गावात अक्कल एकाच ठिकाणी मिळायची, इंदूमावशीच्या पिठाच्या गिरणीवर. तो तिथं गेला.

"आधी तो फोटो काढ," मावशी म्हणाली.

दौलूनं बटण दाबलं. "काढला."

मावशीनं पिठाचा हात पुसून स्वतःचा मोबाईल दाखवला. सर्जा वर्दीत उभाच होता. "अरे गाढवा, तू तुझ्यापुरता काढलास. सगळ्यांच्यातून काढायचा असतो. आता दिवस उलटले, ते बटण तुला दिसायचं नाही. ग्रुपचा मालक कोण? सरपंच. त्याच्याकडून काढून घे. आणि माफी माग. हे नेहमी ध्यानात ठेव, आपल्यापुरतं करायचं नाही, सगळ्यांचा विचार करायचा."

दौलूनं ध्यानात ठेवलं. सरपंचाकडून फोटो काढून घेतला. मग घरी बसून ग्रुपातल्या एकेकाला वेगळा मेसेज पाठवला. "माफ करा. माझ्या हातून चूक झाली." सर्जा सोडून दोनशे दहा जणांना. त्यानं दौलूला ब्लॉक केलं होतं ना.

संध्याकाळी दौलूच्या दारात पाच जण आले. एकाचा फवारणीचा पंप हरवला होता. दोघांच्या कोंबड्या गेल्या होत्या. एकाच्या विहिरीवरचा दोर. पाचवा नुसता बायकोला घेऊन आला होता आणि म्हणत होता, "नक्की काय झालं ते दोघांसमोर सांग." दौलूच्या पाठीवर पंपवाल्याचे दोन रट्टे बसले.

तो गिरणीवर गेला. "मावशी, माफी लागू पडंना."

"काय केलंस ते लिहिलंस का?"

"नाही."

"मग कशी लागू पडंल? काय केलं, कुणाचं केलं, ते सरळ लिहावं. काही झाकून ठेवू नये. आणि 'वाईट वाटलं असेल तर' असलं लिहू नको. असेल काय? वाटलंच आहे. त्या 'तर'मध्ये तू स्वतः लपतोस."

दौलूनं ध्यानात ठेवलं. काही झाकून ठेवायचं नाही. त्यानं ग्रुपवर लिहिलं, "वर्दी खोटी होती. सर्जाच्या अंगात खरं काय होतं ते झाकून ठेवत नाही." आणि खाली पहिला फोटो टाकला. बनियन, भोकं, पट्ट्याची चड्डी आणि म्हैस. चड्डी नीट दिसावी म्हणून जरा मोठा करून टाकला.

पोरीबाळी नळावर हसल्या. सर्जा दोन दिवस घराबाहेर पडला नाही. पळायलाही गेला नाही.

मावशीनं दौलूला जात्याच्या खुंट्यानं मारायचं तेवढं बाकी ठेवलं. "एकदा न विचारता टाकलास, आता दुसऱ्यांदा टाकलास! माझ्या बाबा, कपडे खोटे असोत का खरे, फोटो त्याचा आहे. त्याचं काहीही करायच्या आधी त्याला विचारायचं. हो म्हणाला तरच करायचं. कळलं?"

"कळलं."

दुसऱ्या दिवशी सर्जाची म्हैस दावं तोडून सुटली आणि तात्या मोऱ्याच्या उसात शिरली. दौलू बांधावरच होता. धावत जाऊन वेसण धरणार, तेवढ्यात त्याला आठवलं. म्हैस सर्जाची आहे. त्यानं मोबाईल काढला. "तुझी म्हैस उसात आहे. हाकलू का?" एक टिक आली. दौलू बांधावर बसून दुसऱ्या टिकेची वाट बघू लागला. म्हैस खात होती. दौलू बघत होता. ऊन कललं. तात्या मोऱ्या आला, त्यानं म्हैस कोंडवाड्यात घातली.

"तू इथं बसून काय करत होतास रं?"

"परवानगीची वाट बघत होतो."

मावशीनं हे ऐकलं आणि गिरणी बंद केली. कपाळ धरून खाली बसली. "अरे, फोटो वेगळा, म्हैस वेगळी! कुणी अडचणीत असलं की विचारत बसू नये. आधी सोडवावं."

दौलूनं तेही ध्यानात ठेवलं.

"बस इथं," मावशी म्हणाली. "सोमवार उद्यावर आला. पोराची भरती जाईल तुझ्यापायी. मी सांगते ते लिही. त्याला वाचून दाखवते, मग टाक."

दौलूनं लिहिलं. मावशी मेसेज घेऊन स्वतः सर्जाच्या घरी गेली. सर्जानं दोनदा वाचला आणि मान हलवली. मग दौलूनं तो ग्रुपवर टाकला.

"मी दौलू. सर्जेरावच्या फोटोतले कपडे मी मोबाईलवर बदलले. ती वर्दी खोटी आहे. सर्जानं ती कधी अंगात घातली नाही. त्याला न विचारता मी तो फोटो टाकला. नंतर त्याचा म्हैस धुतानाचा फोटोही न विचारता टाकला. चूक माझी, त्याची नाही. ज्यांच्या मोबाईलात फोटो असतील त्यांनी पुसावेत. ज्यांनी पुढं पाठवले असतील त्यांनी हा मेसेजही तिथं पाठवावा. सर्जा, तुला दारोदार नापास म्हणून सांगत फिरावं लागलं आणि काकूला पेढ्यांची लाज वाटली, ती माझ्यामुळं. पुन्हा तुला विचारल्याशिवाय तुझा फोटो टाकणार नाही. माफ करायचं का नाही, ते तुझं तू ठरव."

लोकांनी फोटो पुसले. मेसेज पुढं गेला. हवालदारानं तो पाहिला, कागदावर उतरवून दौलूची सही घेतली आणि तक्रार मिटवली. सर्जानं चार दिवसांनी दौलूला ब्लॉकमधून काढलं. पाचव्या दिवशी म्हणाला, "चल, वेळ मोजायला." दौलू रडला. मोजायचं विसरला.

पुढच्या भरतीत सर्जा पास झाला. गोळा लांब गेला, पळण्यात पैकीच्या पैकी, पेपरही चांगला गेला. तो प्रशिक्षणाला गेला. तिथं मोबाईल जमा करून घेतात, त्यामुळं महिनोन् महिने त्याचा आवाज नाही.

मग एके दिवशी अक्काताईनं प्रशिक्षणाहून आलेला फोटो ग्रुपवर टाकला. सर्जा, कडक इस्त्रीच्या वर्दीत. खाली लिहिलं होतं, "रविवारी पोरांची शेवटची परेड. गावानं टेम्पो करून यावं."

दौलूनं फोटो पाहिला. परत कुणीतरी सर्जाचे कपडे बदलले! त्यानं पडदा मोठा करून पाहिलं. बोटं पाच. नावाच्या पट्टीवर अक्षरं वाचता येत होती.

"ॲप लई सुधारलंय," दौलू म्हणाला.

त्यानं सर्जाला मेसेज केला, "हे तुला विचारून केलंय का?" एक टिक. दौलू थांबणार होता. पण त्याला आठवलं, माणूस अडचणीत असला की विचारत बसू नये. त्यानं फोटोवर बोट घासलं. खाली लिहिलं, "बनियन आणि पट्ट्याची चड्डी." चक्र फिरलं. दौलूनं नवा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली तो माफीचा सगळा मेसेज जसाच्या तसा. गावाला मेसेज ओळखीचा होता. हवालदारानं मागं तोच खरा धरला होता. गावानं वर्दीचा फोटो पुसला, चड्डीचा ठेवला आणि टेम्पो रद्द केला.

रविवारी परेडला अक्काताई एकटी निघाली. सोबतीला दौलू.

मैदानात तीनशे पोरं वर्दीत उभी होती. सर्जा दुसऱ्या रांगेत. तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून गावाला शोधत होता. गाव नव्हतं. दौलू होता.

दौलूनं सर्जाला पाहिलं. मग शेजारच्याला पाहिलं. मग सगळ्या तीनशेंना पाहिलं.

"काकू," तो म्हणाला, "हे फोटोत नाही. हे अंगावरच बदललेत!"

अक्काताई त्याचा सदरा धरेपर्यंत तो दोरी ओलांडून मैदानात गेला होता. बँड थांबला. मंचावर मोठे साहेब सलामी घेत होते. दौलू थेट त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला आणि आपला मोबाईल त्यांच्या हातात दिला.

"ह्या पोरांचे कपडे तुम्ही बदललेत का?"

"हो," साहेब म्हणाले. त्यांना वाटलं, हा कुणाचा तरी भाऊ आनंदानं येडा झालाय.

"त्यांना विचारून?"

"विचारायचं काय त्यात? आम्ही देतो, ते घालतात."

दौलूनं मान हलवली. रागावला नाही. चूक कुणाच्याही हातून होते.

"मग माफी लिहायला घ्या साहेब," तो म्हणाला, "मी सांगतो. 'तर' घालू नका. आणि ज्याची त्याला वेगळी पाठवा. तीनशे आहेत, परेड मग बघू."