अंजन हत्तीला ताप होता की नव्हता

पूर्वी वेणातट नगरावर राजा विजितसेनाचे राज्य होते, त्या काळी आपल्या आचार्य यशोनंदींचा जीव राजाच्या हत्तीशाळेचा अध्यक्ष होऊन जन्मला होता. त्या जन्मी त्याचे नाव सोमिल. कुणी काही सांगितले की ‘खरं’ किंवा ‘खोटं’ म्हणण्याआधी तो विचारी, “कुठून पाहिलंस? केव्हा?” लोक कंटाळत. बायको तर म्हणे, “यांना भाजी खारट झाली का विचारा, हे आधी कुणाच्या जिभेला ते विचारतील.”

वेणातटात एक रीत होती. राजाच्या पट्टहत्तीला तेल चोळण्याचे काम सहा आंधळ्यांकडे असे आणि हत्तीचे अंग त्यांच्यात वाटून दिलेले असे. कान नंदिलाचे, पाय धनकाचे, सुळे वप्पकाचे; सोंड, पोट आणि शेपटी उरलेल्या तिघांची. हा हक्क बापाकडून मुलाकडे येई. दुसऱ्याच्या वाट्याला बोट लावणे म्हणजे त्याच्या ताटातला घास उचलणे. त्यामुळे सारा जन्म हत्तीपाशी घालवूनही पुरा हत्ती एकानेही चाचपला नव्हता. नंदिल म्हणे, हत्ती सुपासारखा. धनक म्हणे, खांबासारखा. शेपटीवाला दोघांनाही हसे, कारण हत्ती दोरखंडासारखा असतो हे त्याला पक्के ठाऊक होते.

एकदा पट्टहत्ती अंजन याने चारा सोडला. ऊस पुढे केला तरी तोंड फिरवी. राजवैद्य जवळ गेला की सोंड उगारी. अंगाला हात लावू देई तो फक्त आपल्या सहा माणसांना. वैद्य लांबूनच म्हणाला, “महाराज, ताप असेल तर थंड काढा द्यावा लागेल. गारठा शिरला असेल तर सुंठ-मिऱ्यांचा जहाल काढा. उलटं दिलं, तर हत्ती हातचा जाईल. ताप आहे की नाही एवढं मला कळू द्या.”

राजाने सहाही जणांना बोलावले.

“ताप आहे, महाराज,” नंदिल म्हणाला. “कान तव्यासारखा पोळतोय.”

“काहीतरीच!” धनक उसळला. “पाय गारठलेत. गारठाच आहे, दुसरं काही नाही.”

शेपटीवाला म्हणाला, “शेपटी छान हलतेय. हत्ती अगदी सुखात आहे.” मग सहा तोंडांतून सहा गोष्टी निघाल्या आणि जो तो दुसऱ्याला खोटारडा म्हणू लागला.

राजा चिडला. अंजनावर त्याचा जीव होता आणि तो डोळ्यांदेखत खंगत होता. “यातला एकच खरा असणार. नंदिल सगळ्यांत वडील, त्याचं धरा. थंड काढा करा, आणि बाकीच्यांना नगराबाहेर घालवा.”

सोमिलाला अंजनाची काळजी वाटली. अंजनाला त्याने पिल्लू असल्यापासून वाढवले होते. पण त्याहून जास्त त्याला नवल वाटत होते. ही माणसे हाताला लागलेलेच सांगत होती, मग खोटे शिरले कुठून?

“महाराज, काढा उकळेपर्यंत मला विचारू द्या,” तो म्हणाला. “नंदिलबाबा, ताप कुठे लागला? केव्हा? हत्ती तेव्हा कसा होता?”

“उजव्या कानाला. पहाटे, उभा असताना.”

“आणि डावा कान?”

“डावा गार आहे की! डाव्याचं मला कुणी विचारलंच नाही.”

राजाने कपाळाला हात लावला. सोमिल धनकाकडे वळला. धनकाने पाय चोळले होते ते आत्ता, हत्ती पाण्यातून बाहेर आल्यावर.

“अरे, पण शेवटी ताप आहे की नाही?” राजा म्हणाला.

“स्यात् आहे, महाराज. उजव्या कानापुरता, पहाटेपुरता, त्या अवस्थेपुरता आहे. स्यात् नाही. पायांच्या अपेक्षेने, आत्ता नाही.”

“म्हणजे कदाचित आहे, कदाचित नाही? तुलाही काही ठाऊक नाही, असंच ना?”

“नाही, महाराज. स्यात् म्हणजे कदाचित नव्हे. स्यात् म्हणजे अमुक अपेक्षेने, अमुक बाजूने पाहता. त्या अपेक्षेत नंदिलाचं म्हणणं पक्कं आहे, त्यात तसूभर शंका नाही. वस्तू कोणती, जागा कोणती, वेळ कोणती, अवस्था कोणती, एवढं सांगितलं की ‘आहे’ आणि ‘नाही’ भांडत नाहीत. एकामागून एक सांगायचं तर ताप आहे आणि नाहीही.”

“मला एका शब्दात हवंय. दोन्ही एकदम.”

“तसा शब्द भाषेत नाही. एकदम सांगायला गेलं तर ते सांगता येण्यापलीकडचं, अवक्तव्य. तरी कान पोळतोय हे उरतंच, म्हणून आहे आणि अवक्तव्य. पाय गार आहेत, म्हणून नाही आणि अवक्तव्य. आणि सगळं धरलं तर आहे, नाही, अवक्तव्य. बोलण्याचे प्रकार हे सातच.”

“मग सगळेच खरे! खोटं कुणीच नाही?”

“शेपटी हलते हे खरं. हत्ती सुखात आहे हे शेपटीवाल्याच्या हाताला लागलेलं नव्हे, ते त्याने पदरचं जोडलं. आणि धनक ‘पाय गार’ म्हणाला तोवर खरा होता. ‘दुसरं काही नाही’ म्हणाला, तिथे खोटं शिरलं.”

मग सोमिलाने एकेकाचे तुकडे जोडायला घेतले. सोंडवाला म्हणाला, सोंड उजवीकडे वळत नाही. वप्पक म्हणाला, उजव्या सुळ्याला तेल लावताना हत्ती शहारतो. पोटवाला म्हणाला, पोट रिकामे, पण दुखत नाही. पोळणारा कान उजवा, सोंड वळत नाही ती उजवीकडे, शहारणारा सुळा उजवा. सगळे उजव्या सुळ्याच्या मुळाशी येऊन थांबत होते.

“तिथे हात कुणाचा जातो?” सोमिलाने विचारले.

“माझा सुळा त्यावरच्या कड्याशी संपतो,” वप्पक म्हणाला.

“माझी सोंड त्याच्या पलीकडे,” सोंडवाला म्हणाला. “माझा कान तर त्याच्या मागे,” नंदिल म्हणाला. ती जागा कुणाच्याच वाट्याची नव्हती.

तिथे सोन्याचे रुंद कडे होते. युद्ध जिंकून आल्यावर राजाने ते स्वतःच्या हातांनी चढवले होते.

“ते काढायचं नाही,” राजा म्हणाला. “ते अंजनाचं भूषण आहे.”

“आपल्या बाजूने भूषणच, महाराज. अंजनाच्या बाजूने ते काय आहे, हे अजून कुणी चाचपलेलं नाही.”

 मग राजानेच सोनार बोलावला. नंदिलाने कान धरला, धनकाने पायाला मिठी मारली, सहाही जण पहिल्यांदा आपापला वाटा ओलांडून एका जागी दाटीने उभे राहिले आणि अंजन त्यांच्या हातांखाली थरथरत स्थिर राहिला. कडे कापले गेले. खाली मांस सडले होते. पू वाहून गेला तसा हत्तीने एवढा मोठा श्वास टाकला, की वप्पकाला रडू फुटले.

वैद्याने दोन्ही काढे ओतून टाकले आणि जखमेला लेप लावला. काही दिवसांनी अंजनाने ऊस मोडून खाल्ला. सहा जण नगरातच राहिले. राजा म्हणाला, “मी रोज त्याच्याकडे पाहत होतो. मला सोनंच दिसलं.”

ही कथा आचार्य यशोनंदींनी आपल्या दोन शिष्यांना सांगितली. एक म्हणे, आत्मा नित्य आहे. दुसरा म्हणे, तो पालटतो. आणि दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले होते. आचार्य म्हणाले, “तेव्हाचा नंदिल म्हणजे तू, धनक म्हणजे तू. राजा आज आपल्याला भिक्षा वाढणारा श्रावक आहे.”

“आणि सोमिल म्हणजे आपण?” धाकट्याने विचारले.

“जीवद्रव्याच्या, म्हणजे कायम राहणाऱ्या जिवाच्या, अपेक्षेने मीच. पर्यायाच्या, म्हणजे पालटत्या अवस्थेच्या, अपेक्षेने मी नव्हे. तो देह, ते नाव, ती बायको केव्हाच गेली.”

दोन्ही शिष्यांनी एकमेकांकडे पाहिले. दोघांच्या भांडणाचे उत्तर समोर बसून बोलत होते. थोरल्याने धाकट्याच्या पायांशी हात नेला, तर धाकट्याचे हात आधीच त्याच्या पायांवर होते.

सोमिलाच्या ठायी होता तो गुण अनाग्रह.