बहिर्जीचा कातळ

निवडुंगवाडीच्या वर, डोंगराची सोंड जिथे संपते, तिथे एक काळा कातळ आहे. त्यावर मोडी अक्षरे कोरली आहेत. शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाला गावकरी आधी इथे आणतात आणि त्याचे बोट त्या अक्षरांवरून फिरवतात. पाहुणे कारण विचारतात, तेव्हा गावातले येसूनाना बहिर्जी पाथरवटाची हकिकत सांगतात.

इंग्रजी अंमल चांगला रुजला होता, तेव्हाची ही गोष्ट. बहिर्जीचे घर छिन्नी-हातोड्याचे, पण त्याच्या बापाने हंगामाला दोन पायली जोंधळे देऊन त्याला पंतोजींच्या ओसरीवर बसवले. तिथे तो मोडी शिकला. त्याचा हात असा वळला, म्हणे, की तालुक्याच्या कचेरीत मामलेदारांनी त्याला उमेदवार म्हणून ठेवून घेतला. उमेदवाराला पगार नसे. फुकट कागद लिहायचे आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहायची. बहिर्जीने नऊ वर्षे वाट पाहिली. रात्रीची चूल पेटायची ती बायकोने, तान्हाईने, फोडलेल्या खडीवर.

याच नऊ वर्षांत सगळे फिरले. सरकारने गावात शाळा काढली. तिथली पुस्तके छापील, बाळबोध म्हणजे देवनागरी अक्षरांची. पंतोजींची ओसरी ओस पडली. पुढे हुकूम आला, की परीक्षेचा दाखला असल्याशिवाय कचेरीत कुणाला घ्यायचे नाही. वरच्या जागांना इंग्रजी हवे, आणि इंग्रजी शाळा होती फक्त जिल्ह्याच्या गावी. तिथली फी, तिथे राहण्याजेवण्याची सोय ज्यांना जमली, त्यांचीच मुले मॅट्रिक झाली. पिढ्यान्‌पिढ्या लेखणीवर जगणारी घरे चटकन इंग्रजीकडे वळली. कुणब्या-पाथरवटांची मुले चौथीत थांबली. महारांच्या मुलांना शाळा कागदावर खुली होती, प्रत्यक्षात ती मुले पडवीबाहेर उन्हात बसत. नुसती नोकरीच बदलली असे नाही, माणसांचे मनही बदलले. नकाशा पाहिलेली मुले जग मोठे आहे म्हणू लागली, वर्तमानपत्र वाचून सरकारला अर्ज करता येतो हे शिकली; आणि तीच मुले मोडीला मुंग्यांची रांग म्हणून हसू लागली. साहेबाला कळते ते शहाणपण, बाकीचे अडाणीपण, असे बापालाही वाटू लागले.

जागा रिकामी झाली ती अच्युतराव नावाच्या बावीस वर्षांच्या मॅट्रिक पोराला मिळाली. बहिर्जी छिन्नीकडे परतला.

दोन वर्षांनी जंगलाचा साहेब आला. डोंगर सरकारजमा होणार होता. गावाकडे पेशवाईतला कागद होता, डोंगराची चराई आणि सरपण गावाला निरंतर चालवावे, असा. पण साहेब निवाडा देणार इंग्रजी तर्जुम्यावर, म्हणजे भाषांतरावर, आणि तर्जुमा करणार अच्युतराव. जुनी घसरती मोडी तो कधी शिकलाच नव्हता. शेवटच्या दोन ओळींवर तो अडला.

बहिर्जी पुढे झाला. त्याने कागद घडाघडा वाचला. साहेबाने विचारले, याच्याकडे दाखला आहे का. नव्हता.

अच्युतराव खाली बघत म्हणाला, "मला अक्षर लागत नाही, बहिर्जी. आणि दाखल्यावाचून तू वाचलेलं मला लिहिता येत नाही."

तर्जुम्यात दोन ओळींच्या जागी लिहिले गेले, की मजकूर वाचता येत नाही. त्याच दोन ओळींत डोंगर होता. निवाडा विरुद्ध गेला. त्या उन्हाळ्यात निम्मी जनावरे बाजारात गेली, उरलेली दावणीला मेली. सरपण तोडताना तीन बायका धरल्या गेल्या, त्यांत तान्हाई होती. मूळ कागद दप्तरात गेला तो परत आलाच नाही.

बहिर्जीला तो तोंडपाठ होता. तान्हाई सुटून आली त्या दिवशी त्याने कातळासमोर शपथ घेतली, असे सांगतात, की सगळा कागद दगडावर उतरवीन, मगच हातोडा खाली ठेवीन. तो रोज कोरू लागला. छातीत दगडाची धूळ बसली, खोकला लागला. तान्हाई भाकर घेऊन यायची आणि बसून बघायची.

एकदा तिने विचारले, "वाचणार कोण हे?"

तो हातोडा मारत राहिला.

मोडीत आधी आडवी रेघ ओढतात, मग तिला अक्षरे लटकवतात. बहिर्जीने शेवटच्या ओळीची रेघ टोकापर्यंत कोरली. तीन शब्द लटकवले. चौथ्याच्या आधी त्याला रक्ताची उलटी झाली आणि तो कातळाला टेकून गेला. तान्हाईने हातोडा त्याच्या मुठीतून काढू दिला नाही. तसाच त्याला पुरला.

आजही त्या कातळावरचे गावात कुणाला वाचता येत नाही. येसूनानांनाही नाही. मुलांचे बोट अक्षरांवरून फिरते, तीन शब्द संपतात, आणि पुढे नुसती रेघ लागते. तिथे मुले थांबून मोठ्यांच्या तोंडाकडे बघतात. मोठी माणसे त्यांचे बोट धरून रेघेच्या टोकापर्यंत नेतात आणि मग मुलाला शाळेत पोचवतात.