एका मिनिटाची ओळख

मिरजेच्या कीर्तनकार वेणूताई सोहोनींना एका नव्या वाहिनीचे निमंत्रणपत्र आले. कीर्तनमालिकेच्या निवडीसाठी एका मिनिटाची चित्रित ओळख हवी होती. मोबाइल आडवा धरावा, खोली शांत असावी, वाद्ये नकोत, नाव, गाव आणि गुरू सांगावेत, असे त्यात लिहिले होते.

मागोमाग निर्माते राजाध्यक्षांचा फोन आला. "ताई, तुमचं कीर्तन म्हणजे दोन-दोन तास! आजचा प्रेक्षक दहा सेकंदांत अंगठ्याने पुढे सरकवतो. तुम्हाला आवरेल ना मिनिटात?"

"प्रयत्न करते," ताई म्हणाल्या. पण बोलणे मनाला लागले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅमेऱ्यापुढे नाव, गाव आणि गुरू तीन वाक्यांत सांगितले. मग आवाज खाली आणला. "किल्ल्यात शत्रू शिरला. खजिन्याच्या चाव्या एका म्हातारीच्या कनवटीला. सरदाराने तिच्या मानेवर तलवार टेकवली. म्हातारी हसली आणि म्हणाली..."

इथे ताईंनी हात जोडले. मिनिट संपले.

ओळख पोहोचताच राजाध्यक्षांचा फोन आला. "ताई, पुढचं कापलं गेलंय! म्हातारी काय म्हणाली?"

"काही कापलं नाही. मिनिट तुम्हीच ठरवलंत."

"अहो, पण मी तीनदा पाहिलं!"

"मग साहेब, तुमचा अंगठा सरकला का हो?"

पलीकडे हसू फुटले. "हरलो! मालिकेचा पहिला भाग तुमचाच. आता तरी सांगा, म्हातारी काय म्हणाली?"

"सांगेन की," ताई म्हणाल्या, "पण कीर्तनातच. मध्यंतरात सगळ्यांच्या कपाळी बुक्का लावून झाला, की!"